उत्तर कोणत्या भाषेत येतं?

एका म्हाताऱ्या बाईसमोर वाफाळत्या भाताची वाटी ठेवलेली आहे. साल १९८९, शहर टोकियो. बाईचं नाव सुंजा. तिचा जन्म कोरियातल्या बुसानजवळच्या एका बेटावरचा, पण पुढचं सगळं आयुष्य गेलं जपानमध्ये, ओसाकात. तिचा नातू सॉलोमन एका अमेरिकन बँकेत नोकरी करतो. बँकेला हॉटेल बांधायला एक जमीन हवी आहे आणि त्यातला शेवटचा तुकडा ज्या बाईंच्या नावावर आहे, त्यादेखील कोरियनच आहेत. त्या सही करत नाहीत. म्हणून सॉलोमन आजीला सोबत घेऊन त्यांच्या घरी आला आहे. बाई जेवायला वाढतात. सुंजा भाताचा एक घास तोंडात घेते आणि थांबते. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. हा तांदूळ जपानचा नाही, आपल्या गावाकडचा आहे, हे तिला एका घासात कळलेलं असतं. सॉलोमनही तोच भात खातो. त्याला काहीच वेगळं लागत नाही.

‘पचिंको’ या मालिकेतला हा प्रसंग मी आत्तापर्यंत चार वेळा पाहिला असेन. आम्ही न्यू जर्सीत राहतो, पंधरा वर्षं झाली. पहिल्या वेळी हा प्रसंग पाहताना मला माझ्या आईच्या हातचा आंबेमोहोर आठवला आणि शेजारी बसलेल्या माझ्या मुलीला तो आठवणं शक्यच नाही, हेही लक्षात आलं. तिच्यासाठी भात म्हणजे बासमती, दहा पौंडांच्या पिशवीतला.

घरापासून लांब राहणाऱ्या माणसांनी परदेशात स्थिरावण्याच्या गोष्टी पडद्यावर पाहाव्यात का, याबद्दल आमच्या ओळखीच्या मराठी घरांत दोन मतं आहेत. आधीच मन जड असतं, त्यात आणखी कशाला, असं काहीजण म्हणतात. मला उलट वाटतं. मात्र या गोष्टी बघताना कुठे बघायचं ते ठरवलेलं असावं. विमानतळावरचे निरोप, बर्फातलं पहिलं पाऊल, सणाच्या दिवशी एकटीने लावलेला दिवा, हे सगळं कुठल्याही दिग्दर्शकाला जमतं. मी एकच गोष्ट बघते: आई-वडील एका भाषेत बोलतात, तेव्हा मूल कोणत्या भाषेत उत्तर देतं? ज्या चित्रपटाने हे नीट ऐकलेलं असतं, त्याच्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवता येतो.

‘पचिंको’ने तर ते डोळ्यांना दिसेल असं करून ठेवलं आहे. मिन जिन ली यांच्या २०१७ साली आलेल्या कादंबरीवरून सू ह्यू यांनी ही मालिका केली. पहिला भाग-संच २०२२ साली आला, दुसरा २०२४ साली. यात कोरियन संवादांचे सबटायटल पिवळे आहेत आणि जपानी संवादांचे निळे. सुरुवातीला हे थोडं विचित्र वाटतं. मग हळूहळू लक्षात येतं की सॉलोमन आजीशी बोलताना एकाच वाक्यात पिवळ्यातून निळ्यात जातो. वाक्य सुरू होतं आजीच्या भाषेत, आणि जिथे शब्द सापडत नाही तिथे जपानी येतं. आपल्याकडे ‘आई, मी ना, होमवर्क फिनिश करून मग खाली जाईन’ असं जे होतं, तेच. ज्याला या दोन्ही भाषा येत नाहीत त्या प्रेक्षकाला एरवी ही सरमिसळ ऐकूच आली नसती. सगळंच त्याला परकं वाटलं असतं. रंगांमुळे ती दिसते. माझ्या मुलीने दुसऱ्याच भागात विचारलं, आपल्या घराला सबटायटल दिले तर किती रंग लागतील?

पिवळा आणि निळा यांच्यातलं अंतर केवळ शब्दांचं नाही. १९१० पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत कोरिया जपानच्या ताब्यात होता. मालिकेत सुंजाचं लग्न होऊन ती १९३१ साली जपानला निघते, तेव्हा तिची आई तांदळाच्या दुकानात जाते. पांढरा तांदूळ त्या काळी कोरियन माणसाला सहज मिळत नाही; पिकतो तो कोरियाच्या शेतात, खातात राज्यकर्ते. दुकानदार आधी नाही म्हणतो. मुलगी दूरदेशी चालली आहे, जाण्याआधी आपल्या मातीचा घास तिच्या पोटात जावा, एवढंच आईचं मागणं. तो मोजून देतो, वर थोडे जास्तच देतो. त्यानंतर कॅमेरा कितीतरी वेळ त्या तांदळावरच राहतो. धुणं, शिजवणं, झाकण उघडणं, वाढणं. म्हाताऱ्या सुंजाला टोकियोत जो घास ओळखू आला तो हा. मालिका हे प्रसंग काळाच्या क्रमाने दाखवत नाही. टोकियोतला घास आधी येतो, आईची दुकानातली फेरी नंतर. त्यामुळे आजीचे अश्रू आपण आधी पाहतो आणि त्यांचं कारण आपल्याला मागाहून कळतं. घरातल्या मुलांनाही आई-बापांच्या गोष्टी अशाच क्रमाने कळत असतात.

जमिनीचा तो व्यवहार शेवटी सहीच्या टेबलापर्यंत येतो. त्या बाई सॉलोमनला विचारतात, तुझी आजी या खुर्चीत बसली असती तर तिला सही कर म्हणून सांगितलं असतंस का? सगळी मोठी माणसं खोलीत बसलेली असतात. सॉलोमन उत्तर देतो ते कोरियनमध्ये: करू नका. त्याची नोकरी त्या उत्तरात जाते. इथे सबटायटल पिवळे आहेत, हे ज्याने पाहिलं त्याला काय घडलं ते अधिक कळलं.

म्हाताऱ्या सुंजाचं काम केलंय युन यो-जंग यांनी. हे नाव ओळखीचं वाटत असेल तर त्याला कारण आहे. ‘मिनारी’ या चित्रपटातल्या आजीसाठी २०२१ साली त्यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलाकार. त्यांचं स्वतःचं आयुष्यही या विषयाला धरून आहे. तरुणपणी कोरियात नाव झालेलं असताना लग्नानंतर त्या अमेरिकेत, फ्लोरिडात राहायला आल्या, अभिनय सुटला. बऱ्याच वर्षांनी परत गेल्या, घटस्फोट झाला, दोन मुलांना वाढवायचं म्हणून मिळेल ती कामं करत पुन्हा उभ्या राहिल्या. ऑस्कर घेताना त्यांनी आपल्या त्या दोन मुलांचे आभार मानले होते. आईला कामाला बाहेर पडायला लावल्याबद्दल.

कुटुंबाने एकत्र बसून पाहायला एकच चित्रपट सांग असं कोणी म्हटलं तर मी ‘मिनारी’ सांगते, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दिग्दर्शक ली आयझॅक चंग हे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या खेड्यात वाढले. हा त्यांच्याच लहानपणावर बेतलेला चित्रपट. काळ १९८०च्या दशकातला. जेकब आणि मोनिका हे जोडपं कॅलिफोर्नियातून दोन मुलांना घेऊन आर्कान्सात येतं. कॅलिफोर्नियात त्यांचं काम होतं कोंबडीच्या पिल्लांतले नर आणि माद्या वेगळे करण्याचं, दिवसभर, हजारो पिल्लं. इथेही पोटासाठी तेच काम आहे, पण जेकबने जमीन घेतली आहे. त्याला कोरियन भाज्या पिकवायच्या आहेत. त्याचा हिशेब असा, की दरवर्षी हजारो कोरियन माणसं अमेरिकेत येतायत आणि त्यांना घरची चव हवी असणार. मोनिकाला मात्र नवऱ्याने आणलेलं घर बघूनच धक्का बसतो. ते चाकांवरचं घर आहे, दाराला पायरीसुद्धा नाही. धाकटा डेव्हिड सहा-सात वर्षांचा, त्याच्या हृदयात दोष, त्याला धावायची बंदी, आणि दवाखाना तासभर दूर.

या घरात भाषा कशी आहे पाहा. नवरा-बायको एकमेकांशी कोरियन बोलतात, भांडतात तर निव्वळ कोरियनमध्ये. मुलं एकमेकांशी इंग्रजी बोलतात. आई-वडिलांनी कोरियनमध्ये हाक मारली की मुलांना सगळं कळतं. उत्तर कधी या भाषेत, कधी त्या. यात उद्धटपणा नसतो. भाषेचा अभ्यास करणारे सांगतात की परदेशी वाढणाऱ्या मुलाचं ऐकणं आणि बोलणं एका वेगाने वाढत नाही. कान घरातल्या भाषेचे राहतात, जीभ शाळेतल्या भाषेची होते. घरातली जी भाषा उरते ती बहुतेक स्वयंपाकघरातली आणि रागावण्याची असते: ये, जेव, झोप, हात धू, पुरे आता. अमेरिकेत आलेल्या बहुतेक समाजांत तिसऱ्या पिढीपर्यंत तीही जाते. ‘मिनारी’त हे कोणी समजावून सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर ते चालू असतं, एवढंच.

मग कोरियाहून आजी येते, मोनिकाची आई. बोचकं उघडते. त्यातून लाल मिरचीची पूड निघते, सुके मासे निघतात, आणि मोनिका रडू लागते. एवढ्याशा माशांवरून रडतेस काय, असं आईचं त्यावर म्हणणं. मला हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा थांबवावा लागला होता. आमच्याकडे आई आली होती तेव्हा तेवीस किलोच्या दोन बॅगांतून मेतकूट, गोडा मसाला, कोकमं, कुरडया आणि सांडगे निघाले होते. मी रडले ते मेतकुटाच्या वासाने. माझ्या मुलाने विचारलं होतं, ‘व्हाय आर यू सॅड?’ आणि आईने त्याला मराठीत उत्तर दिलं होतं, की ती सॅड नाही रे, तिला भूक लागलीये.

डेव्हिडला आजी अजिबात आवडत नाही. त्याच्या मनातली आजी टीव्हीवरची आहे. ती बिस्किटं भाजते. ही आजी स्वयंपाक करत नाही, पत्ते खेळते, शिव्या देते, टीव्हीवर कुस्ती बघते. शिवाय त्याच्या खोलीत झोपते आणि तिला कोरियाचा वास येतो, अशी त्याची तक्रार. तू कोरियाला कधी गेला होतास, असं त्याला सुनावलं जातं. तो गेलेलाच नाही. आई-वडिलांचा देश त्याच्यापर्यंत पोचलाय तो वास म्हणून, आणि तो वास त्याला नको आहे. आपल्या किती मुलांनी शाळेच्या डब्यात भाजी-पोळी नको म्हटलेलं आहे, ते आठवून पाहा.

या दोघांची मैत्री होते ती तुटक भाषेतून. आजीला इंग्रजीचे मोजके शब्द येतात. ती त्याला ‘प्रिटी बॉय’ म्हणते. तो फटकन सांगतो, मी प्रिटी नाही, गुड-लुकिंग आहे. इथे आजी विद्यार्थी आणि नातू मास्तर. परदेशात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला लहान वयात हा अधिकार मिळतो. बँकेच्या फोनवर तोच बोलतो, शाळेची चिठ्ठी तोच वाचून दाखवतो, आईचा उच्चार तोच सुधारतो. घरातला वडीलधारा कोण हा प्रश्न त्यामुळे थोडासा डळमळतो. डेव्हिड आजीची एक घाणेरडी खोडी काढतो, तेव्हा वडील त्याला बाहेर जाऊन मारायला काठी आण म्हणतात. तो शोधून शोधून गवताची एक लवलवती काडी आणतो. आजी हसत सुटते आणि जेकबला सांगते, तू हरलास. या प्रसंगात कोणाला कुठली भाषा किती येते, हे विसरायला होतं.

सबटायटलमध्ये एक गोष्ट मात्र हरवते. कोरियनमध्ये आपल्यासारखेच आदराचे वेगवेगळे थर आहेत. मोठ्यांशी बोलायची क्रियापदं वेगळी, बरोबरीच्यांशी वेगळी. इंग्रजी अक्षरांत ते सगळं एकाच ‘यू’मध्ये जाऊन बसतं. आपल्या घरांतही मुलांच्या मराठीतून सगळ्यात आधी जातं ते हेच. ‘आजोबा, तू कधी आलास?’ असं माझा मुलगा फोनवर विचारतो. आजोबांना राग येत नाही, पण बोलताना ते क्षणभर थांबतात. इंग्रजीत ज्या गोष्टीला जागाच नाही ती गोष्ट मुलाला शिकवायची कशी, याचं सोपं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकवता येते, ‘अहो’ शिकवायला घरात दोन-चार म्हातारी माणसं लागतात.

‘मिनारी’वरून भाषेचाच एक वाद झाला होता. चित्रपट अमेरिकन दिग्दर्शकाचा, पैसा अमेरिकन, गोष्ट अमेरिकेत घडणारी, चित्रीकरण ओक्लाहोमात. पण निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीत नसतील तर तो चित्रपट परभाषिक, असा तेव्हा गोल्डन ग्लोब पुरस्कारांचा नियम होता. त्यामुळे २०२१ साली ‘मिनारी’ला पुरस्कार मिळाला तो परभाषिक चित्रपटाचा. अनेकांना ते लागलं, मलाही लागलं. चंग यांनी पुरस्कार घेताना भांडण केलं नाही. लहान मुलगी त्यांच्या गळ्यात पडलेली होती. हे कुटुंब स्वतःची एक भाषा शिकू पाहतंय, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. मला यात इतकंच सांगायचं आहे, की परक्या देशात ज्या घरात घरची भाषा बोलली जाते, ते घर त्या देशातलंच असतं. नियम करणाऱ्यांना ते कळायला वेळ लागतो.

गोष्टीचा शेवट मी सांगणार नाही. मिनारी म्हणजे काय ते सांगते. ती पाण्याच्या कडेला वाढणारी कोथिंबिरीसारखी दिसणारी पालेभाजी. आजी तिचं बी कोरियातून घेऊन येते. आज असं बी न सांगता आणलं तर विमानतळावरच काढून घेतील. ती शेतात लावत नाही, जंगलातल्या ओढ्याकाठी टाकते. जेकब मात्र शेतात विहीर खणतो. पाणाड्याला पैसे द्यायचे नाहीत, आपण डोकं वापरायचं, असा त्याचा हट्ट. पाणी लागतं, मग आटतं, पीक करपू लागतं, मग घरचं नळाचं पाणी शेताला वळवलं जातं आणि घरात पाणी नसतं. इतका सगळा आटापिटा एकीकडे चालू असताना ओढ्याकाठी त्या भाजीकडे कोणी बघतही नाही. दिग्दर्शकाने हे दोन धागे एकमेकांशेजारी ठेवलेत, त्यावर एकही संवाद लिहिलेला नाही. यासाठी मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आता जिथे मला कमी पडल्यासारखं वाटतं त्याबद्दल. मीरा नायर यांचा ‘द नेमसेक’ (२००६) हा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. झुंपा लाहिरी यांच्या कादंबरीवरचा, इरफान खान आणि तब्बू यांनी केलेला. कोलकात्याहून न्यूयॉर्कला आलेली आशिमा एका सकाळी नाश्त्याच्या कुरमुऱ्यांसारख्या धान्यावर तिखट आणि शेंगदाणे घालून खाते. भेळेची आठवण आलेल्या कोणालाही ते दृश्य चुकणार नाही. पण नवरा-बायको घरात एकांतातसुद्धा खूप ठिकाणी इंग्रजी बोलतात. जगभरच्या प्रेक्षकांसाठी ते केलं असणार. त्याची किंमत अशी, की गोगोल हा मुलगा आई-वडिलांपासून नेमका कुठे तुटतो ते कानाला कळत नाही, संवादांतून सांगावं लागतं.

तरीही या चित्रपटात एक गोष्ट भाषेशिवाय घडते आणि ती विसरता येत नाही. लग्न ठरवायला पाहुणे आलेले असताना आशिमा दाराबाहेर काढून ठेवलेले अशोकचे बूट हळूच पायात घालून पाहते. अमेरिकेत घेतलेले बूट. ती हा माणूस पाहायच्या आधी त्याचा देश पायात घालून पाहते. खूप वर्षांनी अशोक एका दुसऱ्या शहरात, एकटा असताना जातो. गोगोल त्याच्या रिकाम्या घरात पोचतो आणि बापाच्या बुटांत पाय घालतो. मग डोकं भादरून आईसमोर येतो. हे कर, असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. जो मुलगा आयुष्यभर इंग्रजीत उत्तर देत आला त्याचं हे उत्तर आहे. कॉलेजच्या वयाची मुलं असतील तर हा चित्रपट त्यांच्यासोबत पाहावा. लहानांना तो लांबतो, आणि काही दृश्यं त्यांच्यासाठी नाहीत.

आपलं मराठी घर या प्रकारात मोठ्या पडद्यावर आलं ते गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२). श्रीदेवीने केलेली शशी गोडबोले पुण्याची, लाडू करून विकणारी. न्यूयॉर्कमध्ये कॉफीच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीच्या प्रश्नांच्या माऱ्यापुढे तिची जी अवस्था होते, ती पाहून आमच्या इथल्या मंडळातल्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या. प्रत्येकीकडे तसा एक काउंटर होता. शशी तिथे स्थिरावत नाही, ती भाचीच्या लग्नाला आलेली पाहुणी आहे, म्हणून हा चित्रपट या यादीत बसत नाही असं कोणी म्हणेल. पण एक गोष्ट नीट पाहा. शशीचा पहिला अपमान न्यूयॉर्कमध्ये होत नाही. तो पुण्यात होतो, मुलीच्या शाळेत, जिथे आईला इंग्रजी येत नाही याची मुलीला लाज वाटते. आई एका भाषेत बोलते आणि मूल दुसऱ्या भाषेत उत्तर देतं, हे घडायला विमानात बसावं लागत नाही, हे गौरी शिंदे यांनी ओळखलं. त्या भागासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. इंग्रजीच्या शिकवणीतले देशोदेशीचे विद्यार्थी मात्र मला थोडे सोयीचे वाटतात. चार आठवड्यांत एवढी मैत्री आणि एवढं इंग्रजी होत नाही.

हलकंफुलकं हवं असेल तर कॅनडातली ‘किम्स कन्व्हिनियन्स’ (२०१६ ते २०२१) आहे, टोरांटोत किराणा दुकान चालवणाऱ्या कोरियन कुटुंबाची. आठवड्याच्या मधल्या दिवशी जेवताना एक भाग पाहायला चांगली. फक्त हसू पुष्कळदा आई-वडिलांच्या उच्चारांवर येतं, आणि मुलं त्याच वयात आपल्या आई-बाबांची नक्कल करायला शिकत असतात, हे ध्यानात असू द्या. मोठ्या, नोकरीला लागलेल्या मुलांसाठी ‘मास्टर ऑफ नन’च्या पहिल्या संचातला दुसरा भाग सांगेन. अझीझ अन्सारीने त्यात आपल्या खऱ्या आई-वडिलांनाच आई-वडिलांच्या भूमिका दिल्या आहेत. बाप मुलाला आयपॅडमधलं एक साधंसं काम करून दे म्हणतो, मुलाला वेळ नसतो. मग आपल्याला बापाचं लहानपण दिसतं. अर्ध्या तासाचा भाग आहे.

हे पाहताना चुकतं कुठे, ते आमच्या घरच्या अनुभवावरून सांगते. पहिली चूक डबिंगची. ‘पचिंको’ आम्ही पहिल्या रात्री इंग्रजी डबिंगमध्ये लावली होती, मुलाला वाचायला त्रास नको म्हणून. वीस मिनिटं सगळे छान इंग्रजी बोलत होते आणि गोष्ट कशाबद्दल आहे तेच कळेना. आजी, नातू, जपानी पोलीस, कोळी, सगळ्यांची भाषा एकच. मग बंद करून आवाजाच्या यादीतून मूळ भाषा निवडली, सबटायटल चालू केले आणि रंग दिसू लागले. तेव्हा आधी तपासून घ्या. तुमच्या टीव्हीवर सबटायटल सगळे एकाच रंगात दिसत असतील, तर टीव्हीच्या मांडणीत तुम्ही स्वतःचा रंग ठरवून ठेवलेला असू शकतो, तो काढावा लागतो.

दुसरी चूक वयाची. ‘पचिंको’ मोठ्यांची मालिका आहे. तिच्यात शारीरिक संबंधांची दृश्यं आहेत, आणि १९२३च्या भूकंपानंतर जपानमध्ये झालेल्या कोरियन लोकांच्या कत्तलीवर एक संपूर्ण भाग आहे. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीबरोबर मी निवडक भाग पाहिले, तेही आधी स्वतः पाहून. मुलगा तेव्हा शेजारच्या खोलीत होता. पहिल्या संचाच्या शेवटी, गोष्ट संपल्यावर, खरोखर त्या काळात कोरियातून जपानला आलेल्या म्हाताऱ्या बायका कॅमेऱ्यासमोर बोलतात. तेवढा भाग कुठल्याही वयाच्या मुलाला दाखवावा. ‘मिनारी’ आमच्या मुलाने नवव्या वर्षी पाहिला. त्यात एक आग आहे आणि आजीचं आजारपण आहे, त्याची कल्पना आधी दिली होती.

तिसरी चूक माझी एकटीची. चित्रपट संपताच मी मुलांना विचारलं, मग काय वाटलं, आपल्या घरात असं होतं ना? दोघंही गप्प. मुलगी उठून गेली. त्या गप्प बसण्याने मला बरंच काही सांगितलं. मुलांना चित्रपट आवडला होता, त्याची परीक्षा द्यायची नव्हती. आता मी संपल्यावर काही बोलत नाही. स्वयंपाकघरात जाऊन दूध गरम करते. प्रश्न येतात, दोन दिवसांनी, गाडीत, भलत्याच वेळी. ‘मिनारी’नंतर तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना मुलाने विचारलं, पुण्याच्या आजीला इंग्रजीत किती शब्द येतात? मी म्हटलं, तूच विचार. त्याने विचारलं. मराठीत विचारलं, कारण तिला दुसरं कसं विचारणार? आजीने मोजायला सुरुवात केली आणि तो तिचे उच्चार सुधारू लागला. आता दर रविवारी ती त्याला एक इंग्रजी शब्द म्हणून दाखवते आणि तो तिला एक मराठी वाक्य म्हणून दाखवतो. वाक्यात ‘तुम्ही’ असलं पाहिजे ही अट आजोबांची.

‘मिनारी’ एक तास पंचावन्न मिनिटांचा आहे. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्री आठला लावलात तर दहाच्या आत संपतो. तेव्हा पुण्यात रविवारचे साडेसात वाजायला आलेले असतात, आणि आजीचा चहा झालेला असतो.